होटगीहून राजमाचीस : उंचीच्या आलेखाचे वाचन

होटगी हे गाव बहुतेक प्रवाशांनी पाहिलेले असते ते रेल्वेगाडीच्या खिडकीतून, आणि तेही अशा वेळी की ज्या वेळी मद्रासकडून मुंबईस जाणारी गाडी सोलापूर जवळ आल्याच्या समाधानात असते आणि विजापूर-गदगकडून येणारी गाडी येथे मुख्य मार्गास मिळण्यासाठी सिग्नलची वाट पाहत उभी असते. त्यामुळे या गावाचे जे चित्र लोकांच्या मनात राहते ते रुळांच्या जुडग्याचे, काळ्याभोर रानाचे, हिवाळ्यात पाहुण्या पक्ष्यांनी गजबजणाऱ्या तलावाचे, आणि क्षितिजापर्यंत कोठेही न अडणाऱ्या दृष्टीचे. समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरांहून थोड्या अधिक उंचीवर वसलेल्या या प्रदेशात चढायचे म्हणून जे काही आहे ते स्टेशनवरील पादचारी पुलाचे जिने. अशा सपाटीवर ज्याचे आयुष्य गेले त्याने डोंगरवाटेच्या चढाविषयी लिहावे यात काहीसे धाडस आहे हे मला मान्य आहे. परंतु चढ वाचण्याची विद्या मी शिकलो ती डोंगरात नव्हे, तर याच सपाट मुलखात, आणि ती शिकविली आमच्या गावच्या एका सेवानिवृत्त रेल्वे मुकादमांनी.

रुळांच्या कडेने चालताना अधूनमधून एक आखूड खांब लागतो, त्यास दोन्ही बाजूंना आडवे हात असतात, आणि प्रत्येक हातावर एक आकडा लिहिलेला असतो. हात वर झुकलेला असेल तर त्या दिशेस चढ, खाली झुकलेला असेल तर उतार, आणि जमीन समतल असेल तर आकड्याच्या जागी केवळ सपाटीची खूण. मुकादमांचे अर्धे आयुष्य अशा खांबांच्या सोबतीने गेलेले. "बघा मास्तर," ते म्हणाले, "ह्यो आकडा जेवढा मोठा, तेवढा चढ बारका. पाचशे लिहिलं म्हणजे पाचशे पावलं पुढं गेलात की एक पाऊल वर आलात. शंभर लिहिलं की इंजिनाला घाम. आन् सदतीस लिहिलं की मागनं दुसरं इंजिन लावायला लागतंय." सदतीसचा हा आकडा त्यांनी पाहिला होता तो बोरघाटात, कारण १८६३ साली वाहतुकीस खुला झालेल्या त्या लोहमार्गावर सदतिसास एक हाच सर्वांत तीव्र चढ राखलेला आहे, आणि तेवढ्यासाठी कर्जत स्टेशनावर आजही वर जाणाऱ्या गाड्यांना मागून ढकलणारी इंजिने जोडावी लागतात.

या खांबांचे मर्म माझ्या ध्यानात आले ते असे की, चढ ही डोळ्यांनी अजमावण्याची बाब नाही. ती दोन अंतरांच्या प्रमाणाची बाब आहे, एक आडवे आणि एक उभे, आणि ही दोन्ही अंतरे एकाच मापाने मोजली तरच त्या प्रमाणास अर्थ राहतो. हे एवढे मनात पक्के असेल तर उंचीचा कोणताही आलेख वाचता येतो, आणि हे मनात नसेल तर तोच आलेख माणसाची सरळसरळ दिशाभूल करतो.

गेल्या मार्गशीर्षात राजमाचीस जाण्याचा बेत ठरला तेव्हा मी प्रथम होटगीपासून कर्जतपर्यंतच्या लोहमार्गाचा एक कच्चा आलेख कागदावर काढला. साडेचारशेच्या थोड्या वरून निघालेली रेघ पुण्याला सुमारे ५६० मीटरांवर आणि लोणावळ्याला ६२२ मीटरांवर पोहोचते. म्हणजे सव्वातीनशे किलोमीटरांहून अधिक अंतरात जेमतेम एकशेसाठ मीटरांची वाढ, आणि तीही अशी संथ की प्रवाशास तिची वार्ता लागू नये. पुढे मात्र अवघ्या साडेपंचवीस किलोमीटरांत तीच रेघ ५५८ मीटर खाली कोसळते. दख्खनच्या पठाराचे सारे शील या एका रेघेत उमटलेले आहे: पूर्वेस मंद उतार आणि पश्चिमेस कडा. राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले त्या कड्याच्या अगदी काठावर, उल्हास नदीच्या उगमाकडील दरीवर पहारा देत उभे आहेत, आणि म्हणूनच त्यांच्याकडे जाणाऱ्या दोन वाटा एकमेकींपासून इतक्या भिन्न आहेत. एक वाट लोणावळ्याहून तुंगार्लीच्या धरणावरून पठाराच्या काठाकाठाने सोळा किलोमीटर चालत येते. दुसरी कर्जतजवळच्या कोंदिवडे गावाहून कोंडाणे लेण्यांच्या अंगाने थेट कड्यावर चढते आणि सहा-सात किलोमीटरांत काम उरकते. दोन्ही पायथ्याच्या उधेवाडीत एकत्र येतात.

माझा पुतण्या फोन घेऊन बसला होता. या वाटेवरून आधी कोणी चालून गेले होते, त्याने आपली नोंद ठेवली होती, आणि तीवरून फोनने क्षणार्धात आलेख काढून दाखविला. पुतण्याचा चेहरा उतरला. "काका, हे तर सुळक्यांचं रान आहे. सपाट वाट म्हणत होतात ना तुम्ही?"

मी त्याला म्हटले, आधी आपल्या गावापासून सोलापूरपर्यंतच्या रस्त्याचा आलेख काढ. त्याने काढला. ज्या पंधरा किलोमीटरांच्या रस्त्यावर आमच्या गावची म्हातारी माणसे सायकलीवरून भाजी घेऊन जातात आणि कोठेही उतरत नाहीत, तो रस्ता त्या पडद्यावर हिमालयाच्या रांगेसारखा दिसू लागला. कारण उघड आहे. उभ्या अक्षावर सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा बिंदू यांतील फरक कितीही असो, यंत्र तो फरक ताणून पडद्याची पूर्ण उंची व्यापते. पडदा बारा सेंटीमीटर रुंद आणि आलेख चार सेंटीमीटर उंच धरला, आणि रस्त्यातील एकंदर चढउतार चाळीस मीटर मानला, तर आडव्या एका सेंटीमीटरात साडेबाराशे मीटर मावतात आणि उभ्या एका सेंटीमीटरात केवळ दहा. म्हणजे उंची एकशेपंचवीस पट फुगविलेली असते. या आलेखावर पंचेचाळीस अंशांत उभी दिसणारी रेघ प्रत्यक्षात सव्वाशेस एक इतकाच चढ दाखविते, जो मुकादमांच्या इंजिनासही जड वाटला नसता. राजमाचीच्या आलेखात हीच फुगवण सुमारे चौदा पट होती, म्हणून तेथे पंचेचाळीस अंशांची रेघ सात टक्क्यांचा चढ दाखवीत होती. शंभर पावलांत सात पावले वर, म्हणजे चालणाऱ्यास जाणवेल पण दमविणार नाही असा.

तेव्हा आलेख हाती आला की आकृतीकडे पाहू नये. प्रथम दोन्ही अक्षांवरील आकडे वाचावेत. दोन वाटांची तुलना करायची असेल तर दोन्ही आलेख एकाच मापाने काढलेले असले पाहिजेत, नाहीतर अवघड वाट सौम्य दिसते आणि सौम्य वाट भेडसावते. मी शाळेतील आलेखकागद घेतला आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाचे आडवे प्रमाण जसेच्या तसे ठेवले, ज्यात दोन सेंटीमीटर म्हणजे एक किलोमीटर. उभ्या दिशेस एका सेंटीमीटरास शंभर मीटर दिले. फुगवण बरोबर पाच पट झाली. या कागदावर पंचेचाळीस अंशांची रेघ म्हणजे पाचास एक, अर्थात वीस टक्के, हा एकच दाखला लक्षात ठेवला की बाकी सारे नजरेने सांगता येते: त्याहून कलती रेघ सुखाची, त्याहून उभी रेघ कष्टाची. बोरघाटातला तो दुष्कीर्त सदतिसास एकचा चढ या कागदावर जेमतेम आठ अंशांनी कलतो. लोखंडी चाकांना जो असह्य, तो माणसाच्या पायांना सपाटीच. चढाची निंदास्तुती चालणारा कोण यावर किती अवलंबून असते!

आता एकंदर चढाईचा हिशेब. लोणावळा ६२२ मीटरांवर आणि श्रीवर्धनचा माथा ९१४ मीटरांवर, तेव्हा वजाबाकी करून कोणी म्हणेल की चढायचे ते २९२ मीटर. ही वजाबाकी म्हणजे सालअखेरची शिल्लक होय. वर्षभरात किती रक्कम आली आणि किती गेली हे तिच्यावरून कळत नाही, त्यासाठी जमाखर्चाची वहीच उघडावी लागते. वाट तुंगार्लीकडे चढते, मग ओढ्याच्या खोऱ्यात उतरते, पुन्हा चढते, पुन्हा उतरते, आणि प्रत्येक वेळी जे उतरून गमावले ते पायांना परत कमवावे लागते. हिशेबाची रीत दिसावी म्हणून मधले आकडे मी येथे पूर्ण दहांत बसवून देतो. ६२० वरून ६९० वर गेलो, जमेस सत्तर; तेथून ५६० वर उतरलो; पुन्हा ६१० वर, जमेस पन्नास; ५७० वर उतरून ६२० वर, आणखी पन्नास; ५८० वर उतरून उधेवाडीजवळ ६३० वर, आणखी पन्नास; आणि शेवटी माथ्यावर ९१० पर्यंत, दोनशेऐंशी. जमेची बेरीज पाचशे मीटर, उताराची दोनशेदहा, आणि दोहोंची वजाबाकी तीच दोनशेनव्वद. म्हणजे ताळा जमला. पण पायांनी भरलेला सारा पाचशेचा होता.

हा ताळा प्रत्येकाने करावा, कारण त्यात चूक लगेच पकडली जाते: आरंभाच्या उंचीत एकूण चढ मिळविला आणि एकूण उतार वजा केला तर शेवटची उंची आली पाहिजे. मात्र ताळा जमला म्हणजे बेरीज खरी असे नव्हे, आणि येथेच यंत्राच्या आकड्यांपासून सावध राहावे लागते. त्याच वाटेसाठी एक ॲप साडेचारशे मीटर चढ सांगत होते आणि दुसरे सातशेच्या वर. पुतण्याला हे खोटेपणाचे लक्षण वाटले. वस्तुतः दोघेही प्रामाणिक होते. वाद होता तो किती लहान रक्कम वहीत मांडायची याचा.

याची परीक्षा आम्ही होटगीच्या तलावावर केली, आणि सपाट गावाचा रहिवासी असण्याचा हा एक मोठाच लाभ म्हटला पाहिजे. तलावाचा बांध माथ्यावर समतल आहे; त्यावरून कितीही फेऱ्या मारल्या तरी चढाई शून्यच भरली पाहिजे. पुतण्या फोन खिशात घालून सकाळभर तेथे हिंडला आणि परत आला तेव्हा फोनने त्याच्या नावावर शंभराहून अधिक मीटरांची चढाई जमा केली होती. उपग्रहांवरून काढलेली उंची दर वेळी दोन-चार मीटर इकडेतिकडे हलते. हे हेलकावे दोन्ही दिशांना असल्याने शेवटच्या उंचीत एकमेकांस खाऊन टाकतात, परंतु चढाईच्या बेरजेत फक्त वर जाणारेच घेतले जात असल्याने तेथे ते साठत राहतात. पंधरा किलोमीटरांच्या वाटेवर दर पन्नास मीटरांस एक नोंद धरली तर तीनशे नोंदी होतात; त्यांतील निम्म्या दोन-दोन मीटर खोटा चढ दाखविणाऱ्या निघाल्या तर तीनशे मीटरांची चढाई केवळ हवेतून निर्माण होते. म्हणून काही ॲपे पाच किंवा दहा मीटरांहून लहान हेलकावा मोजीतच नाहीत, काही मोजतात, आणि त्यांच्या आकड्यांत दीडपट फरक पडतो.

सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरून बेरीज केली तर दोष उलट दिशेचा असतो. तेथे समोच्च रेषा वीस-वीस मीटरांच्या अंतराने काढलेल्या असतात. वाट वर जाताना जितक्या रेषा ओलांडते तितक्यांस वीसने गुणले की चढ मिळतो, पण पंधरा मीटरांची टेकडी दोन रेषांच्या मध्ये अशी लपू शकते की तिचा मागमूसही राहत नाही. म्हणजे नकाशा काहीसे कमी सांगतो आणि फोन काहीसे अधिक. सत्य त्या दोहोंच्या मध्ये असते, आणि वाट ओबडधोबड असेल तर नकाशापासून थोडे दूरच. रस्त्याची आखणी करणाऱ्यास हे पुरत नाही, परंतु पाण्याच्या बाटल्या किती घ्याव्यात आणि पहाटे किती वाजता निघावे हे ठरविण्यास पुरते.

आम्ही सोलापूरहून रात्रीची गाडी धरली आणि झुंजुमुंजू होण्याच्या सुमारास लोणावळ्यास उतरलो. तुंगार्लीची चढण संपली तेव्हा ऊन नुकते पसरत होते. आलेखातील एकेक टप्पा पायांखालून जाताना पाहण्याचे जे कौतुक असते ते अन्य कोणत्याही नकाशाने मिळत नाही. धरण मागे पडले आणि वाट खोऱ्यात उतरू लागली तेव्हा पुतण्या मोठ्या आनंदाने भराभर चालू लागला, आणि मी त्याला सांगितले की हा उतार उधारीचा आहे, पुढच्या चढांत फिटायचा आहे. ओढा ओलांडला, झाडी आली, वाट कधी उघड्या कातळावरून तर कधी सावलीतून वळत गेली, आणि उजव्या-डाव्या हातांस सह्याद्रीचे कडे आळीपाळीने दिसत राहिले. आलेखात जे तीन लहान उंचवटे होते ते तिन्ही भेटले. त्याखेरीज आलेखात नसलेले कितीतरी बारीक चढउतार भेटले, जे वीस मीटरांच्या रेषांमध्ये दडून राहिले होते आणि ज्यांची एकत्रित आकारणी दुपारपर्यंत पिंढऱ्यांनी केली.

वेळेचा अंदाज मी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाच्या १८९२ सालच्या नियमाने काढला होता: आडव्या पाच किलोमीटरांस एक तास, आणि चढाच्या प्रत्येक सहाशे मीटरांस आणखी एक तास. सोळा किलोमीटरांचे तीन तास बारा मिनिटे आणि पाचशे मीटरांची पन्नास मिनिटे, म्हणजे सुमारे चार तास. हा नियम मात्र थंड हवेतील, धडधाकट, आणि न थांबता चालणाऱ्या माणसाचा आहे. आमच्याकडील उन्हात आणि माझ्या वयात त्यास निम्म्याची भर घालण्याचा माझा शिरस्ता आहे, आणि श्रीवर्धनच्या माथ्यावर पोहोचेपर्यंत आम्हांस सहा तासांच्या आसपासच लागले. माथ्यावरून उल्हासची दरी आणि पलीकडे बोरघाटातील लोहमार्ग ज्या अंगाने चढतो तो डोंगर पाहताना, एकाच कड्यावर माणूस आणि इंजिन यांनी किती निराळ्या रेषा आखल्या आहेत हे एका दृष्टिक्षेपात कळते: इंजिनाने पंचवीस किलोमीटरांचा वळसा घेतला, बोगदे खोदले, आणि कोंदिवड्याच्या गुराख्याने नाकासमोर वाट काढली.

त्या गुराख्याच्या वाटेने आम्हांस दुसऱ्या दिवशी उतरायचे होते, आणि आलेखाचा खरा कस लागला तो तेथे. उधेवाडी सहाशेच्या आसपास, कोंदिवडे शंभराच्या आतबाहेर, आणि अंतर सुमारे सहा किलोमीटर. सरासरी काढली तर आठ-नऊ टक्के, जी ऐकून कोणीही निर्धास्त व्हावे. परंतु सरासरीवर विसंबणे हा उंचीच्या आलेखाच्या वाचनातील सर्वांत मोठा धोका आहे. या वाटेचा आरंभ गावालगतच्या पठारावर आणि शेवट पायथ्याच्या शेतांत जवळजवळ सपाटीने होतो, त्यामुळे जवळपास सारा उतार मधल्या दोन किलोमीटरांत कोंबलेला आहे. माझ्या कागदावर त्या दोन किलोमीटरांची रेघ चार सेंटीमीटर पुढे आणि चार सेंटीमीटर खाली आली होती, म्हणजे नेमके पंचेचाळीस अंश. उतार चारशे मीटरांचा आणि वीस टक्क्यांचा.

मी तेवढ्यावर थांबलो नाही. त्या रेघेचे पाचशे-पाचशे मीटरांचे चार तुकडे केले आणि प्रत्येकाचा उतार निराळा वाचला: पहिल्यात साठ मीटर, दुसऱ्यात एकशेचाळीस, तिसऱ्यात एकशेतीस, चौथ्यात सत्तर. म्हणजे बारा टक्के, अठ्ठावीस, सव्वीस आणि चौदा. दुसऱ्या तुकड्याचे पुन्हा दोन भाग केले तर वरच्या अडीचशे मीटरांत पन्नास आणि खालच्या अडीचशे मीटरांत नव्वद मीटर निघाले. नव्वदास अडीचशेने भागले की छत्तीस टक्के. आठ-नऊ टक्क्यांच्या सरासरीच्या पोटात छत्तीस टक्क्यांचा तुकडा दडलेला होता, आणि तो सापडला तो केवळ मोजण्याचा तुकडा लहान करीत गेल्याने. नकाशावर अशी जागा ओळखण्यास गणितही लागत नाही. समोच्च रेषा एकमेकींपासून जेमतेम मिलिमीटरभर अंतरावर येऊन दाटी करतात. दहा टक्क्यांपर्यंत माणूस बोलत चालतो, वीस टक्क्यांवर बोलणे आपोआप थांबते, तीसच्या पुढे चढताना हात गुडघ्यांवर येतात आणि उतरताना झाडांची खोडे शोधू लागतात. चाळीस-पन्नास टक्क्यांची वाट लांबवर चालूच राहिली तर तेथे पायऱ्या खोदलेल्या असतात, किंवा ती वाट नसून कातळाचा टप्पा असतो.

तुकडा लहान करण्यासही मर्यादा आहे. फोनच्या आलेखामागील उंची पुष्कळदा २००० सालच्या फेब्रुवारीत एंडेव्हर या अवकाशयानातून झालेल्या रडार-मोजणीची असते, आणि तिच्यात जमिनीचा सुमारे तीस मीटरांचा चौरस हा एकच ठिपका मानलेला असतो. पठारावर याने काही बिघडत नाही. पण कड्याच्या काठाने जाणाऱ्या वाटेची नोंद जर वीस-पंचवीस मीटर बाजूला सरकलेली असेल तर तो ठिपका दरीतला पडतो, आणि आलेखात एकाएकी शंभर मीटरांची दरी उघडून लगेच मिटते. राजमाचीच्या आलेखात असे दोन काटे होते आणि पुतण्या त्यांच्यावर बोट ठेवून विचारीत होता की येथे दोर लागेल काय. अशा काट्याची ओळख सोपी आहे: त्याच्या दोन्ही अंगांस उंची एकच असते, रुंदी नसल्यासारखी असते, आणि नकाशावर त्या जागी वाट एकही समोच्च रेषा ओलांडीत नाही. खरा उतार उतरला की माणूस खालीच राहतो.

उतरताना तो छत्तीस टक्क्यांचा तुकडा कोठे सुरू झाला हे सांगावे लागले नाही. दाट झाडीत वाट एकदम खाली झुकली, पायांखाली सुटा मुरूम आणि पाचोळा आला, आणि ज्याला डोंगरात हिंडणारी मंडळी घसारा म्हणतात तो सुरू झाला. नेस्मिथच्या नियमात उताराची नोंदच नाही. पुढे एरिक लँगम्यूर याने ती भर घातली आणि सांगितले की बारा अंशांहून तीव्र उतारावर प्रत्येक तीनशे मीटरांस दहा मिनिटे अधिक धरावीत. या हिशेबाने कोंदिवड्यापर्यंतचा उतार दीड तासात संपायला हवा होता. आम्हांस त्याच्या दुपटीहून थोडे अधिकच लागले, आणि त्यातला मोठा भाग मधल्या दोन तुकड्यांच्या एका किलोमीटरात गेला. कोंडाणे लेण्यांपाशी पोहोचून कोरीव दर्शनी भागासमोर बसलो तेव्हा पुतण्याचे पाय थरथरत होते आणि माझे गुडघे माझ्याशी बोलत नव्हते.

येथे आलेख काय सांगत नाही तेही नमूद केले पाहिजे. तो वाट पुढे-मागे किती कलते हे सांगतो, आडवी किती कलते हे सांगत नाही. डोंगराच्या उभ्या अंगावरून समपातळीत जाणारी पाऊलभर रुंद वाट, जिच्या एका बाजूस दोनशे मीटरांची दरी आहे, ती आलेखात होटगीच्या बांधासारखी सरळ रेघ म्हणून उमटते. अशा जागा शोधायच्या तर आलेख बाजूला ठेवून नकाशाच उघडावा आणि वाट समोच्च रेषांच्या दाटीतून त्यांना समांतर कोठे जाते ते पाहावे. तसेच वाट नागमोडी असून नोंद करणाऱ्याच्या फोनने तिची वळणे गाळली असतील, तर आलेखात अंतर आखूड आणि चढ असेल त्याहून तीव्र दिसतो. तेथे भिण्याचे कारण नसते, फक्त अंतर थोडे वाढवून धरावे लागते.

कर्जतहून परतीची गाडी मिळाली. मागे ढकलणारी इंजिने जोडली गेली, आणि जो कडा आम्ही तीन-साडेतीन तासांत उतरलो होतो तो गाडी ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल अशी ठाणी घेत सदतिसास एकच्या शिस्तीने चढू लागली. गाडीत बसल्या बसल्या मी दोन्ही दिशांचा हिशेब पुन्हा मांडला. लोणावळ्याहून माथ्यावर आणि तेथून कोंदिवड्यास गेले तर चढ पाचशे मीटर आणि उतार एक हजार वीस. उलट दिशेने आले तर चढ एक हजार वीस आणि उतार पाचशे. चढाचा आकडा पाहून जो तो पहिली दिशा निवडतो, आणि दमाच्या दृष्टीने ती निवड बरोबरही आहे. परंतु चढताना माणूस दमला तर बसून विसावा घेऊ शकतो. छत्तीस टक्क्यांच्या घसाऱ्यावर थकलेले गुडघे विसाव्याने सुधारत नाहीत, आणि पावसाळ्यात त्या ओल्या मुरुमावरून उतरणे सर्वथा वर्ज्यच समजावे.

तेव्हा सोलापूरकडील ज्या कोणास राजमाचीस जायचे असेल त्याने लोणावळ्यास न उतरता गाडी कर्जतपर्यंत जाऊ द्यावी, उजाडताच कोंदिवड्याहून चढावे, ऊन तापण्यापूर्वी मधले दोन किलोमीटर संपवावेत, आणि दुसऱ्या दिवशी तुंगार्लीच्या वाटेने लोणावळ्यास यावे. एकंदर चढाई दुप्पट पडेल. तरी चाळिशी उलटलेल्यांना हीच दिशा बरी.